लेबलवरची आजी

आज सकाळी आमच्या बचत गटाच्या लोणच्याचं लेबल डिझाईन होऊन आलं. नऊवारीतली आजी, नथ, पाटा-वरवंटा आणि खाली 'आजीच्या हातची चव'. डोकंच फिरलं. अहो, आम्ही मोहरीची डाळ मिक्सरला फिरवतो! आणि 'हातची चव' म्हणत म्हणतच तर गेल्या वर्षी आमची माती झाली.

मुंबईच्या प्रदर्शनात एक बाई बरणी परत घेऊन आल्या. झाकण उघडलं तर गळ्याशी पांढरी बुरशी. लेबल एकच, पण आतलं लोणचं अकरा घरांतलं. ही बरणी कुणाकडची, कुणालाच सांगता येईना. मग काय, चाळीसच्या चाळीस बरण्या स्टॉलवरून खाली. ज्यांचं लोणचं उत्तम होतं, त्यांचंही.

गावी आल्यावर अकराही जणींना मूठभर मीठ काट्यावर टाकायला लावलं. कुणाची मूठ ४५ ग्रॅम, कुणाची २८. सगळ्यांची कृती मात्र एकच, किलो फोडींना पाच मुठी. म्हणजे एकीचं मीठ सव्वादोनशे ग्रॅम, दुसरीचं एकशे चाळीस. वर तेलात न बुडालेल्या फोडी. बुरशीला आणखी काय हवं?

आता किलोला २२५ ग्रॅम मीठ, काट्यावरच. कैऱ्या धुऊन, पुसून, कोरड्या करून मगच फोडायच्या. तेल कडवून पूर्ण गार झाल्यावर ओतायचं, फोडींवर बोटभर तरी राहिलं पाहिजे. एका पातेल्यातल्या सगळ्या बरण्यांच्या झाकणावर एकच लॉट नंबर, आणि त्यातली एक बरणी आमच्या कपाटात. उद्या तक्रार आली तर तेवढाच लॉट मागे घ्यायचा, चाळीस बरण्या नाहीत.

चव सारखी झाली म्हणून नाकं मुरडणारे आहेत. झाली, मान्य. तुम्ही दुसरी बरणी पहिलीसारखीच लागावी म्हणूनच घेता ना?

पण खरं सांगू, आमच्या काकूंचं वाईट वाटलं. अख्ख्या वाडीत त्यांच्या लोणच्याला तोड नव्हती. काटा आणला त्या दिवशी म्हणाल्या, "आता माझं काय राहिलं गं त्यात?" मला उत्तर सुचलं नाही. ती बुरशीची बरणी त्यांची नसणार, असं मला तेव्हाही वाटत होतं.

हल्ली कैऱ्यांची पाटी आली की पहिली काकूंपुढे जाते. त्या दोन-चार कापून बघतात. आत पिवळसर झाक दिसली की तसल्या कैऱ्या बाजूला, कारण त्यांच्या फोडी मुरताना मऊ पडतात. रायवळ कैरी बाहेरून हिरवीगार असली तरी फसवते, आणि हे कुठला काटा सांगणार?

डिझाईनवाल्याला कळवलंय, आजी काढा. मागे दोन ओळींची जागा आहे, तिथं काय लिहू म्हणून काकूंना विचारलं. त्या कापता कापताच म्हणाल्या, "लिही, पिवळी पडलेली कैरी आम्ही घेत नाही."