‘अर्धवट ज्ञान’ म्हणणाऱ्या भुसावळच्या वाचकाला

फ्रँचायझीचा करार संपवायचं पत्र कसं लिहावं, या माझ्या लेखाखालची प्रतिक्रिया: “दोन वर्षांची स्पर्धाबंदी कागदापुरतीच असते, पत्रात तसं ठणकावून लिहा, असं तुम्ही म्हणता. हे अर्धवट ज्ञान आहे. आधी रॉयल्टी मिटवायची असते, बोर्ड कंपनीची माणसं येईपर्यंत हलवायचा नसतो आणि लॉक-इनचा तर तुमच्या लेखात पत्ताच नाही. वकील नसताना असले सल्ले देऊन खेड्यापाड्यातल्या पोरांना खड्ड्यात घालू नका.”

भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नाही, गाव तेवढं लिहिलं. मी या ब्लॉगवर नावानिशी लिहितो, दुकान कुठे होतं तेही सांगतो. ‘खड्ड्यात घालू नका’ हे शब्द ज्याला लिहायचे आहेत त्याने निदान समोर येऊन लिहावेत. चूक दाखवायची एक रीत असते. माझ्या लेखाखाली बावीस जणांनी प्रश्न विचारले, कुणी असा आवाज चढवला नाही.

एक गोष्ट मान्य. ‘ठणकावून’ हा शब्द मी वापरायला नको होता. पत्रात आवाज चढवून काही मिळत नाही. तेवढी दुरुस्ती लेखात आजच करतो.

पण ‘अर्धवट ज्ञान’ मी मान्य करणार नाही, कारण या एका कलमावर माझी सव्वा दोन वर्षांची झोप गेलेली आहे. एप्रिल 2021 मध्ये मी अमळनेरात चहाची फ्रँचायझी घेतली. करार पाच वर्षांचा होता. रॉयल्टी विक्रीच्या सहा टक्के किंवा महिना 12,000 रुपये, यातलं जे जास्त असेल ते, वर 18 टक्के जीएसटी. माझी विक्री महिना एक लाख चाळीस हजारावर आली. सहा टक्क्यांनी रॉयल्टी 8,400 होत होती आणि मी 12,000 भरत होतो. बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा करारात दोन वाक्यं सापडली: फ्रँचायझीधारक 90 दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकतो आणि करार संपल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत चहाचा धंदा करायचा नाही.

आता नीट वाचा. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 27 सांगतं की कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्या भागापुरता रद्द असतो. अपवाद एकच, धंद्याची पत म्हणजे गुडविल विकली असेल तर. आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानचं प्रकरण 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात निघालं. जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा करार संपला होता. त्यानंतरही ‘नवा प्रस्ताव आला तर आधी आमच्याकडे’ अशी अट कंपनी लावू पाहत होती. कोर्टाने सांगितलं की करार संपल्यानंतर चालणारं असं बंधन कलम 27 मुळे चालत नाही. त्याआधी 1995 मध्ये त्याच कोर्टाने एका शीतपेयाच्या फ्रँचायझी प्रकरणात याची दुसरी बाजू सांगितली होती: करार चालू असेपर्यंत ‘दुसऱ्याचा माल करू नका’ ही अट लागू शकते.

म्हणजे सगळा खेळ करार संपायच्या तारखेचा आहे. माझ्या लेखाचा मुद्दा तोच होता. नोटीस दिली म्हणजे करार संपला असं नाही. ते 90 दिवस तुम्ही अजून त्यांचेच फ्रँचायझीधारक असता. पाचोऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाने नोटीस पाठवून विसाव्या दिवशी त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाचा चहा सुरू केला. कंपनीने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि नोटिशीचे उरलेले दिवस त्याला शटर खाली ठेवून काढावे लागले.

मी 3 जानेवारी 2023 ला पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली, तिच्यावर 6 जानेवारीची सही होती. त्याच दिवशी कंपनीला ईमेल केला की नोटिशीचे 90 दिवस 6 एप्रिलला पूर्ण होतात. स्पर्धाबंदीबद्दल पत्रात मी इतकंच लिहिलं: “नोटिशीची मुदत संपेपर्यंत स्पर्धाबंदीचं कलम मी पाळेन. करार संपल्यानंतर ते कलम करार कायद्याच्या कलम 27 मुळे लागू होत नाही, अशी माझी भूमिका आहे. आपलं व्यापारचिन्ह आणि गोपनीय माहिती मी वापरणार नाही.” शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं. त्यांचा मसाला, त्यांचं नाव किंवा नावासारखं नाव वापरलं तर कलम 27 तुम्हाला वाचवत नाही. हिशोब मिटवताना कंपनी ‘गुडविलसह हस्तांतर’ असा कागद पुढे करते. तो वाचल्याशिवाय सही करायची नाही, कारण कलमातला अपवाद तिथेच बसतो.

‘आधी रॉयल्टी मिटवा’ हे मीही म्हणतो, पण कसं, ते तुम्ही सांगत नाही. माझे नोव्हेंबर-डिसेंबरचे 24,000 आणि जीएसटी 4,320 बाकी होते. पत्राच्याच दिवशी एनईएफटीने 28,320 भरले आणि व्यवहार क्रमांक पत्रात घातला. थकबाकीदार राहिलो असतो तर कंपनीनेच ‘करारभंग’ म्हणून मला काढलं असतं आणि डिपॉझिट जप्त केलं असतं. पण ‘सर्व थकबाकी मान्य’ असं मोघम लिहायचं नाही. सहीनिशी मान्य केलेल्या देण्यासाठी कोर्टात दावा लावायची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून पुन्हा नव्याने धरली जाते. म्हणून मी महिने आणि रक्कम लिहिली, ‘याशिवाय कोणतीही रक्कम मला मान्य नाही’ हे वाक्य घातलं. एप्रिलच्या सहा दिवसांचे 2,832 सुद्धा मोजून दिले.

बोर्डाचं म्हणाल तर कंपनीच्या माणसांची वाट बघत बसणं हाच खड्डा आहे. करार संपल्यावर त्यांचं चिन्ह दुकानावर राहिलं तर तो वापर तुमच्या नावावर चढतो. 6 एप्रिलच्या रात्री मी बोर्डावर ताडपत्री बांधली, त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटरने पत्रा उतरवला. शेजारच्या किराणावाल्या काकांनी विचारलं, “काय रे भो, दुकान बंद करी राह्यना का?” मला उत्तर सुचेना. बोर्ड गेल्यावर भिंतीवर उन्हाने न उडालेला रंग उरला होता आणि त्यात कंपनीच्या नावाची चार अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. कंपनीच्या माणसाने नेमका तोच फोटो मला पाठवला. दुपारीच पेंटर बोलावून भिंत रंगवली. पत्रा त्यांच्या माणसाच्या ताब्यात दिला, कागदावर सही घेऊन.

लॉक-इन, म्हणजे करार सोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ, माझ्या करारात 18 महिन्यांचं होतं आणि ते आधीच संपलेलं होतं, म्हणून लेखात आलं नाही. त्यावर इथे वाद घालत बसत नाही.

आणि मी वकील नाही, हे लेखाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे. तेवढी ओळ वाचली असती तर बरं झालं असतं. डिपॉझिटचे एक लाख मला जुलैत परत मिळाले. त्याच गाळ्यात 10 एप्रिलपासून माझा स्वतःचा चहा चालू आहे. भुसावळहून गाडी आहे, या. करारनामा फाइलमध्ये लावून ठेवलाय, वाचून दाखवतो.