पट जुळू नये म्हणून काही सूचना

शाळेचा पटसंख्येचा तक्ता भरायला बसलात, की सर्वांत आधी उजवीकडचा खालचा चौकोन भरून टाका. एकूण पट. तो एकदा लिहिला, की वरचे आकडे आपापली सोय बघतात. पहिलीपासून एकेक वर्ग घ्यायचा, मुले मांडायची, मुली मांडायच्या, आडवी बेरीज, उभी बेरीज, हे सगळं ज्यांना दुपारी झोप लागत नाही त्यांचं काम आहे, आणि पुण्यात अशी माणसं फार नाहीत.

एकूण पटाचा आकडा आणायचा कुठून? हजेरीपटावरून आणू नका. हजेरीपट वर्गशिक्षकांच्या टेबलावर असतो, म्हणजे जिना चढावा लागतो. आकडा संगणकावर ऑनलाइन नोंदीत दिसतोच, तो उतरवा. मग इयत्तावार आकडे मात्र वर्गशिक्षकांकडून चिठ्ठीवर मागवा. दोन आकडे दोन वाटांनी आले पाहिजेत, तरच पुढे काही घडतं.

पेठेतल्या एका छोट्या प्राथमिक शाळेचा, मी रचलेला, नमुन्यादाखल तक्ता बघा. तारीख ३० सप्टेंबर, कारण पटाची मोजणी त्या दिवशीची धरतात.

| इयत्ता | मुले | मुली | एकूण |
|---|---|---|---|
| पहिली | ११ | १३ | २४ |
| दुसरी | १४ | ९ | २३ |
| तिसरी | १० | १५ | २५ |
| चौथी | २१ | १३ | २५ |
| पाचवी | १३ | ९ | २२ |
| एकूण | ६० | ५९ | १२१ |

तक्ता देखणा आहे. रेघा सरळ आहेत, शिक्का गोल उमटला आहे. आता एखादा चिकित्सक केंद्रप्रमुख ‘मुले’ या रकान्याची खरोखर बेरीज करतो. ती येते ६९. मुलींची ५९. दोन्ही मिळून १२८. मग तो शेवटच्या रकान्यातल्या वर्गांच्या बेरजा जोडतो, तर ११९. खाली छापलंय १२१. एका शाळेला तीन पट! गावाकडच्या शाळेला एक पट टिकवताना नाकी नऊ येतात आणि इथे तीन-तीन.

अशा वेळी गांगरू नका. पहिली सूचना: नेहमी कोपऱ्यातल्या एकूण पटाशी येणाऱ्या फरकाच्या मागे लागा. १२८ मधून १२१ वजा करा, ७ आले. मग शाळाभर ही सात मुलं शोधत सुटा. वर्गशिक्षकांना एकेक करून बोलवा. शिपायाला विचारा. पालकांना फोन लावा. ही सात मुलं तुम्हाला कधीच सापडणार नाहीत, याची खात्री बाळगा, कारण तक्त्यात सातची चूक नाहीच. एका ठिकाणी ९ जास्त झाले आहेत, दुसऱ्या ठिकाणी २ जास्त झाले आहेत आणि वजाबाकीत दोन्ही एकमेकांना झाकतात. दोन चुका एका फरकात गुंडाळून शोधायची पद्धत इतकी टिकाऊ आहे, की तिच्यावर पूर्ण दिवस आरामात काढता येतो. चहाच्या दोन फेऱ्या धरून.

ज्यांना दिवस काढायचा नाही, ते दुष्ट लोक काय करतात तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्याकडून चुकून तसं घडायला नको. ते एकूण पटाला हातच लावत नाहीत. आधी प्रत्येक वर्गाची ओळ आडवी तपासतात. ११ आणि १३, २४, बरोबर. १४ आणि ९, २३; बरोबर. १० आणि १५, २५, बरोबर. २१ आणि १३, ३४. पण लिहिलेत २५. इथे पेन्सिलीने टिंब. पाचवी बरोबर. मग उभे रकाने. मुलींचे ५९, बरोबर. मुलांचे ६९, लिहिलेत ६०. इथे दुसरं टिंब. चुकलेली ओळ आणि चुकलेला रकाना जिथे एकमेकांना कापतात, तो चौकोन एकच: चौथीची मुले. म्हणजे ज्या शोधासाठी तुम्ही शिपायाला विचारणार होतात, तो शोध खुर्चीतून न उठता लागला. काम करण्यात काही मजाच उरली नाही.

त्याहून वाईट म्हणजे ओळीतला फरक ९ आणि रकान्यातलाही ९. दोन अंकी आकड्यातले अंक उलटे लिहिले, की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. ३४ चे ४३ केले तरी ९, १४ चे ४१ केले तर २७. त्यामुळे जुना लिपिक नऊचा फरक दिसला की पहिला संशय उलट्या अंकांवर घेतो. २१ म्हणजे मुळात १२ असणार. १२ आणि १३ म्हणजे २५, ओळ जुळली. ६९ मधून ९ गेले, ६०, रकानाही जुळला. नऊची प्रत्येक चूक अशीच घडलेली असते असं मात्र नाही. नऊ मुलांची दुसरी तुकडी जोडायची राहिली तरी फरक नऊच येतो. म्हणून हे लोक शेवटी जिना चढून चौथीच्या हजेरीपटावर मुलांची नावं मोजतातच. त्यांच्याकडून ही एक गोष्ट शिकू नका, गुडघे दुखतात.

तक्ता संगणकावर असेल तर आणखी जपा. बेरजा सूत्राने करू नका, हाताने टंका. विशेषतः चौथीच्या ओळीशेजारच्या रिकाम्या चौकोनात हे असलं काही कधीही लिहू नये:

```
=B5+C5-D5
```

जुळलेल्या ओळीत याचं उत्तर शून्य येतं आणि चौथीसमोर लगेच ९ उघडा पडतो. इतकी उघड चुगली कार्यालयाच्या संगणकाला शोभत नाही. सूत्राशिवाय चालतच नसेल, तर बेरजेची कक्षा एक ओळ आखूड ठेवा, म्हणजे पाचवीच्या जागी चौथीलाच संपवा. एकूण बरोबर पाचवीच्या आकड्याइतकं कमी येतं. फरक एखाद्या वर्गाच्या बेरजेशी तंतोतंत जुळला, की कोणता वर्ग सुटलाय हे जाणकाराला कळतं, पण जाणकार शोधण्यात महिना जातो.

आता राहिले ते दोन. नऊ गेल्यावर आतला तक्ता सगळीकडून ११९ म्हणतो. ओळी जुळल्या, रकाने जुळले, ६० आणि ५९ म्हणजे ११९, वर्गांच्या बेरजाही ११९. एकटा कोपऱ्यातला १२१ अडून बसला आहे. ओळी आणि रकाने सगळे गुण्यागोविंदाने नांदत असताना एकच आकडा भांडत असेल, तर तो तक्त्यातला नाही, बाहेरून आलेला आहे. आठवा, तुम्ही तो कुठून उतरवलात.

गणपती उठले आणि एक कुटुंब पेठेतली खोली सोडून वाघोलीला राहायला गेलं. बहीण-भाऊ दोघांनी सप्टेंबरातच दाखला नेला. वर्गशिक्षकांनी हजेरीपटावरची नावं कमी केली. ऑनलाइन मात्र नव्या शाळेने मागणी पाठवायची आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची, तेव्हा नाव हलतं. मागणी आलेली आहे, मंजूर करायची राहिली आहे, कारण ज्यांच्याकडे पासवर्ड आहे ते प्रशिक्षणाला गेले आहेत. मुलं वाघोलीत शिकताहेत, पट पेठेत आहे.

इथे सूचना अशी, की दोनाचा फरक किरकोळ म्हणून चौथीतच जिरवून टाका. मुलांच्या १२ चे १४ करा, एकूण २५ चे २७, खाली ६० चे ६२. आता सगळ्या ओळी, सगळे रकाने, कोपरा, सगळं एकमेकांना मिठी मारून बसतं आणि तक्ता पहिल्यांदाच खरोखर खोटा होतो. मघाचा तक्ता चुकीचा होता, पण चूक कुठे आहे ते स्वतः सांगत होता. हा काही बोलत नाही.

किरकोळ शब्दाबद्दल मात्र थोडं सावध राहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक आणि १२१ पासून २०० पर्यंत पाच असं मोजमाप दिलं आहे. ११९ आणि १२१ यांच्यामध्ये नेमका एक शिक्षक उभा आहे. त्यामुळे तुम्ही कंटाळा आला म्हणून जिरवलेले दोन, वाचणाऱ्याला हिशेब करून वाढवलेले दिसतात. महाराष्ट्रात २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. तेव्हापासून पटाचा आकडा आणि भाबडेपणा हे एकत्र कुणी मानत नाही.

ताळा जुळला म्हणजे तक्ता बरोबर, ही समजूत मात्र जरूर पसरवा, ती फार सोयीची आहे. पाचवीत किरण नावाची एक मुलगी आहे. चिठ्ठीवरून आकडे उतरवताना ती मुलांत मोजली गेली. पाचवीची मुले १३ ची १४, मुली ९ च्या ८. ओळीची बेरीज २२ च. खालच्या बेरजा सूत्राने आल्या तर मुले ६१, मुली ५८, एकूण ११९. आडवं जुळतं, उभं जुळतं, कोपरा जुळतो. नऊचा नियम इथे गप्प, शेजारचं सूत्र शून्य दाखवतं. ही चूक कागदावर सापडतच नाही. त्यासाठी हजेरीपट उघडून नावावर बोट ठेवावं लागतं आणि पाचवीच्या बाईंना विचारावं लागतं.

“किरण मुलगा की मुलगी हो?”

“कुठल्या वर्गातली?” असं बाई विचारतात आणि उत्तर त्यातच मिळतं.

एवढं करूनही वरून पत्र आलंच, तर खुलाशात ‘नजरचुकीने’ लिहा, पण चूक कोणत्या चौकोनात होती ते लिहू नका. ‘चौथी, मुले, २१ ऐवजी १२ वाचावे’ असं नेमकं लिहिलंत, तर पुढच्या वर्षी सगळ्या केंद्रातले तक्ते तुमच्याकडे तपासायला येतील.