वार्षिक शुल्क न चुकता भरण्याची पद्धत

क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क भरण्याची आपली मनापासून इच्छा असेल, तर ते माफ होईल अशी खात्री बाळगण्यासारखा दुसरा सोपा मार्ग नाही. 'वर्षभरात एक लाख रुपये खर्च केल्यास 999 रुपयांचे शुल्क माफ' हे वाक्य कार्ड देणाऱ्या मुलाने आपल्याला तोंडी सांगितलेले असतेच. त्या वाक्यातील 'वर्ष' आणि 'खर्च' या दोन्ही शब्दांचा अर्थ आपल्याला आधीपासून ठाऊक आहे असे समजावे आणि कार्डासोबत आलेले अटींचे पत्रक न उघडता कपाटातील लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवून द्यावे.

परभणीचे आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, ज्यांना सारी गल्ली गुरुजी म्हणते, यांनी ही पद्धत इतक्या काटेकोरपणे पाळली की त्यांचाच हिशेब आपल्यापुढे ठेवणे योग्य होईल. गुरुजींनी वर्षभर प्रत्येक खर्च वहीत मांडला होता आणि वर्षअखेर बेरीज 1,12,300 रुपये आली होती. अटीपेक्षा 12,300 रुपये जास्त खर्च झाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मात्र 999 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे मिळून 1,178 रुपये 82 पैसे लागलेले होते.

प्रथम वर्षाचे पाहू. आपल्याकडे वर्षांची टंचाई नाही. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला लागते, व्यापाऱ्याची वही दिवाळीत बदलते आणि सरकारचे वर्ष 1 एप्रिलला उजाडते. यांपैकी कोणतेही वर्ष धरले तरी आपला हेतू साध्य होतो, कारण बँक बहुधा यांतले एकही धरत नाही. ज्या दिवशी बँकेच्या संगणकात कार्ड तयार झाले, त्या दिवसापासून तिचे वर्ष सुरू होते. गुरुजींचे कार्ड 14 नोव्हेंबरला तयार झाले, टपालाने यायला दहा-बारा दिवस लागले आणि मुलगा सुटीवर आल्यावर 2 डिसेंबरला ते सुरू करण्यात आले. गुरुजींनी वर्ष 2 डिसेंबरपासून मोजले. कार्ड हातातही नव्हते तेव्हा त्याचे वर्ष चालू झाले होते, ही गोष्ट शिस्तप्रिय माणसाच्या मनात येणे कठीणच होते. परिणामी 24 नोव्हेंबरला लेकीसाठी घेतलेल्या 7,500 रुपयांच्या साड्या बँकेने पुढच्या वर्षात ढकलल्या आणि बेरीज 1,04,800 वर आली.

13 नोव्हेंबरच्या संध्याकाळी मोंढ्यातून केलेली 4,600 रुपयांची खरेदी तरी याच वर्षातली होती, असे आपण म्हणाल. अवश्य म्हणावे. कार्ड मशीनवर घासल्यावर लगेच जो संदेश येतो तो केवळ मंजुरीचा असतो. दुकानदाराच्या बँकेकडून मागणी येऊन ती रक्कम आपल्या खात्यावर प्रत्यक्ष चढायला साधारण एक ते तीन दिवस लागतात आणि अनेक बँका माफीच्या हिशेबात ही चढण्याची तारीख धरतात. काही बँका खरेदीची तारीख धरतात. आपली बँक कोणती धरते हे त्याच पत्रकात असू शकते, म्हणून पत्रक लग्नपत्रिकांतून बाहेर काढू नये. गुरुजींची ही खरेदी 15 तारखेला चढली. बेरीज 1,00,200 झाली, म्हणजे इथपर्यंतही ते 200 रुपयांनी पुढेच होते.

आता 'खर्च' या शब्दाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. वहीत पेट्रोल पंपाच्या नावापुढे 13,800 रुपये होते. अनेक कार्डांत इंधन माफीच्या खर्चात मोजत नाहीत. घरभाडे आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसेही अनेक ठिकाणी वगळले जातात. गुरुजींना मात्र 'इंधन अधिभार माफ' ही ओळ आठवत होती आणि माफी ती माफी, असा त्यांचा सरळ अर्थ होता. तो अधिभार म्हणजे पंपावर कार्ड वापरल्याबद्दल लागणारा सुमारे एक टक्क्याचा आकार. तो माफ होण्याचा वार्षिक शुल्काशी काही संबंध नाही, पण दोन माफ्या एकाच पानावर छापल्या की त्या सख्ख्या बहिणी वाटतात.

गुरुजींचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. त्या 13,800 पैकी पेट्रोल फक्त 8,000 रुपयांचे होते. उरलेल्या 5,800 रुपयांत पंपाच्याच आवारातील दुकानातून त्यांनी स्कूटरचे दोन टायर आणि बॅटरी घेतली होती. टायर म्हणजे इंधन नव्हे, हे कोणीही मान्य करील. बँकेचा संगणक मात्र करणार नाही, कारण आपण काय विकत घेतले हे त्याला दिसतच नाही. त्याला दिसतो तो चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड, जो मशीन देणारी बँक त्या व्यापाऱ्याला लावते. पेट्रोल पंपासाठी 5541 आणि स्वयंचलित इंधनयंत्रासाठी 5542 हे आकडे आहेत. टायरच्या दुकानातील मशीन पंपाच्याच नावावर असल्याने त्या मशीनवर टायर घेतले काय किंवा साखर घेतली काय, ते सारे पेट्रोलच ठरते. हा आकडा ग्राहकाच्या पावतीवर सहसा छापत नाहीत. मात्र खरेदीच्या संदेशात दुकानाऐवजी पंपाचे नाव आले, तर तिथेच शंका घेता येते. ती घेऊ नये. बेरीज 86,400.

शेवटची वजाबाकी कूलरची. एप्रिलच्या उन्हात मागवलेला 9,400 रुपयांचा कूलर पंख्याइतकाही वारा देईना, म्हणून आठवड्यात परत गेला आणि पैसे कार्डावर जमा झाले. गुरुजींच्या वहीत खर्चाचा रकाना होता, परताव्याचा नव्हता. बँकेकडे दोन्ही होते. त्यामुळे 1,12,300 रुपयांच्या खर्चातून बँकेच्या लेखी उरले 77,000 रुपये आणि लाखाला 23,000 कमी पडले. दरम्यान ॲपवर 'एकूण खर्च' म्हणून एक हिरवी पट्टी झळकत होती. तिच्यात पेट्रोलही होते आणि टायरही, कारण ती घासलेले सारे काही दाखवते, माफीला पात्र काय ते नाही. वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी कस्टमर केअरला ईमेल करून 'माफीसाठी पात्र खर्च किती झाला आणि वर्ष कोणत्या तारखेला संपते' एवढे दोनच प्रश्न लेखी विचारता येतात, परंतु उत्तर आले तर शुल्क भरण्याची संधी हुकण्याचा धोका संभवतो.

शुल्क लागल्यावर गुरुजींनी कार्ड बंद करण्याची धमकी देणारा फोन केला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी चुकती असेल तर बंद करण्याची विनंती बँकेला सात कामकाजी दिवसांत पाळावी लागते, अन्यथा बँकेकडून ग्राहकाला दिवसाला 500 रुपये दंड मिळतो, त्यामुळे ही धमकी अगदी पोकळ नव्हती. निषेध म्हणून आपण ती 1,178 रुपयांची बाकीच थकवावी, म्हणजे व्याज आणि विलंब आकार सुरू होतील आणि कार्डही बंद होणार नाही. गुरुजींना तेवढे जमले नाही. त्यांनी रक्कम भरून मग फोन केला. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितले की, पुढच्या तीस दिवसांत दहा हजार रुपये खर्च केल्यास शुल्क परत मिळेल.

गुरुजींनी त्याच संध्याकाळी कार्ड खिशात टाकले आणि पुतण्याच्या ट्रॅक्टरची टाकी भरायला पंपावर गेले.