लग्नाआधी पैशाचं बोलतो म्हणून मुलगा ‘हिशेबी’?

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी आज जिन्यात गाठून होणाऱ्या जावयाबद्दल सांगितलं, “मुलगा हिशेबी वाटतो गं. लग्न डिसेंबरात, आणि आत्तापासून खर्चाच्या वाटण्या करतोय.” मी तिथे काही बोलले नाही. आता मात्र राहवत नाही. त्यांच्या लेकीच्या परवानगीने लिहितेय.

मुलाने केलं काय? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून त्याने तिला स्वतःचा सिबिल रिपोर्ट दाखवला. पगाराची स्लिप दाखवली नाही, शेअर्स दाखवले नाहीत. थकबाकी कुठे आहे आणि हप्ते किती चालू आहेत, ते दाखवलं. वर्षातून एकदा हा पूर्ण रिपोर्ट प्रत्येकाला फुकट मिळतो, तरी किती नवरा-बायकोंनी एकमेकांचा पाहिलेला असतो?

पगार कुणीही सांगतं. चांगला असेल तर जरा फुगवूनच सांगतं. माणूस स्वतःहून कर्ज सांगायला लागला की समजावं, हा पुढच्या दहा वर्षांत तुला धरून चाललाय. कारण त्याचं कर्ज पुढे तुझ्या घरात येणार आहे. या मुलाच्या रिपोर्टमध्ये शिक्षणाचं कर्ज होतं, आणि एक कर्ज त्याच्या भावाचं होतं, ज्याला हा जामीन आहे. जामीन राहिलेलं कर्जही आपल्या रिपोर्टमध्ये दिसतं. भावाने हप्ते थकवले तर बँक याच्या दारात येऊ शकते, आणि उद्या हे दोघं गृहकर्ज मागायला गेले तर तेही आड येतं. ही गोष्ट लग्नानंतर चार वर्षांनी बँकेच्या टेबलावर कळते तेव्हा काय होतं, ते मला आयकर रिटर्न भरून देण्याच्या कामात बऱ्याच जोडप्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. त्याने ती आधीच, न विचारता सांगितली. आणि काकू म्हणतात हिशेबी!

रिपोर्ट हातात आला तर आकड्याच्या आधी प्रत्येक कर्जापुढचा शेरा वाचा. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी पैशांत मिटवलं, पूर्ण फेडलं नाही. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने ते बुडीत धरलं; तसं असेल तर शांतपणे समोर बसून विचारायचं. आणि क्रेडिट कार्डाची बाकी दर महिन्याला तशीच पुढे ढकललेली दिसली, तर पगार कितीही असो, खर्च त्याच्या पुढे धावतोय. त्या बाकीवर व्याज बऱ्याचदा महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त लागतं, वर्षाला चाळीसच्या घरात जातं.

आता काकूंना खटकलेल्या ‘वाटण्या’. दोघांनी कांजूरमार्गला वन बीएचके बघितलाय, भाडं ३४,०००. वीज-गॅस ३,०००, किराणा-दूध-भाजी १०,०००, कामाच्या मावशी आणि पोळ्या ४,५००, इंटरनेट १,०००. झाले ५२,५००. निम्मं-निम्मं केलं तर प्रत्येकी २६,२५०. ऐकायला बरोबरीचं वाटतं. पण तिच्या हातात ५२,००० येतात, त्याच्या हातात ७८,०००. म्हणजे तिचा अर्धा पगार जातो आणि त्याचा एक तृतीयांश.

नुसत्या पगाराच्या प्रमाणात वाटलं तरी पूर्ण न्याय होत नाही. त्याचा कर्जाचा हप्ता १२,००० आहे आणि तो गावी ६,००० पाठवतो. ती आईला ७,००० देते. ते वजा केले की तिच्याकडे ४५,००० उरतात, त्याच्याकडे ६०,०००. प्रमाण तीनास चार. त्या हिशेबाने तिने २२,५०० द्यायचे, त्याने ३०,०००. दोघांचाही उरलेल्यातला बरोबर अर्धा भाग घराला गेला, अर्धा स्वतःकडे राहिला. हे गणित कट्ट्यावर त्याने मांडलं. यात त्याला निम्म्या वाटणीपेक्षा महिना ३,७५० जास्त पडतात, हे काकूंनी बघितलंच नाही! आणि तिने आईला द्यायचे पैसे त्याने ‘तिचा वरखर्च’ धरला नाही, स्वतःच्या गावच्या पैशांच्या ओळीत बसवले. मला सगळ्यात जास्त हे भिडलं.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आपल्याकडे न बोलता होणारी वाटणी ठरलेली असते: तो भाडं किंवा हप्ता भरतो, ती किराणा, भाजी, मावशी, भेटवस्तू बघते. रक्कम कदाचित सारखीच असते. पण त्याच्या पैशांची पावती राहते, करार राहतो, डिपॉझिट परत येतं तेही त्याच्या खात्यात. तिचे पैसे खाऊन संपतात. दहा वर्षांनी ‘घर कुणी चालवलं’ हा प्रश्न आला की तिच्या हातात एक कागद नसतो. यात कुणाचं मन वाईट असतंच असं नाही, मान्य. पण गप्प राहिल्याने नुकसान एकाच बाजूचं होतं.

म्हणून लिव्ह अँड लायसन्स करारात दोघांची नावं हवीत. या दोघांचं डिपॉझिट १,०५,००० आहे. तिने ४५,००० आणि त्याने ६०,००० आपापल्या खात्यातून थेट घरमालकाला पाठवायचे, म्हणजे दोन्हीकडे नोंद राहते. भाडंही तसंच भरलं तर जुन्या करपद्धतीत दोघांना आपापल्या हिश्श्याचा एचआरए दाखवता येतो. एजंट म्हणेल, “एकाचंच नाव टाका, सोपं पडतं.” सोपं त्याला पडतं.

किराणा-विजेसाठी एक संयुक्त खातं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी भाडं सोडून उरलेला आपापला हिस्सा आपोआप तिकडे जाईल अशी सोय करायची. पण त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायचे, कारण या खात्यातून कुणीही एकजण सगळी रक्कम काढू शकतो. पगार थेट त्यात जमा करू नका. स्वतःचं खातं स्वतःचंच राहू द्या.

हो, काहीजण पैशाचा विषय काढतात ते दुसऱ्याची माहिती काढायला, तेवढं मान्य. तुझा पगार विचारेल, एफडी विचारेल, वर एटीएमचा पिनही मागेल, आणि स्वतःचं काही सांगणार नाही. अशा माणसापासून लांबच राहा. आधी कोण स्वतःचं उघड करतं, यावरून फरक लगेच कळतो.

त्या दिवशी कट्ट्यावर त्याने शेवटी विचारलं होतं, “आपल्यातल्या एकाचा पगार बंद झाला तर?” तिने मला हे सांगितलं तेव्हा माझा निम्मा राग तिथेच निवळला होता. तिचा पगार थांबला तर त्याच्या ६०,००० मधून ५२,५०० घरालाच जातील, हे दोघांनी कागदावर पाहिलं. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे १,५७,५००, लग्नाच्या हॉलची सजावट कमी करून बाजूला काढायचा असं ठरलं. त्या पैशांची एफडी संयुक्त नावाने करा. दोघं हयात असताना मुदतीआधी मोडायची तर बँक बहुधा दोघांच्याही सह्या मागते, आणि या पैशांना तेवढा अडसर हवाच. एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याला मोडता यावी म्हणून तशी सूचना एफडी करतानाच फॉर्मवर लिहून घ्या. पुढे ती सूचना नसली की वारसांच्या कागदांत अडकायला होतं.

काकू, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून एक काम सांगते. लग्न झालं की दोघांनाही ईपीएफचं नॉमिनेशन नव्याने भरायला लावा. लग्नाआधी भरलेलं लग्नानंतर बाद धरलं जातं, आणि बऱ्याच घरांत ते तसंच राहून जातं. जावयाला आठवण करायची गरज पडणार नाही बहुतेक. लेकीला करा.