छत्री घेताना आधी काड्या बघा
आज सकाळी दादरच्या पुलावर माझी छत्री उलटली. जूनमध्ये घेतलेली, नावाजलेल्या कंपनीची, तीन घडीची. वाऱ्याचा एकच झोत आला आणि दोन काड्या मोडल्या. ऑफिसची बॅग छातीशी धरून मी उभी होते. तेवढ्यात एका आजोबांनी त्यांची काळी, वाकड्या मुठीची लांब छत्री निम्मी माझ्यावर धरली. ती जागची हललीसुद्धा नाही.

राग वाऱ्याचा नाही, त्या छत्रीचा आहे. ट्रेनमध्ये बसून बघितलं, तर काड्या मोडल्या होत्या बरोबर सांध्यावर, जिथे पत्र्यासारखी पातळ ॲल्युमिनियमची पट्टी एवढ्याशा रिबिटवर फिरते. तीन घडीच्या छत्रीत एकेका काडीला असे कितीतरी सांधे. आजोबांच्या छत्रीची काडी टोकापर्यंत सलग, दुमडायचा प्रश्नच नाही. पर्समध्ये मावावी म्हणून आपण छत्रीत सांधे वाढवून घेतो आणि वारा नेमका तिथेच घाव घालतो.

हो, मान्य आहे, विरारच्या गर्दीत लांब छत्री घेऊन चढणं सोपं नाही. मग निदान दोन घडीची घ्या, फायबरच्या काड्यांची. फायबर वाकतं आणि परत सरळ होतं, पत्रा एकदा वाकला की गेला. पण "फायबर" लिहिलेल्या कित्येक छत्र्यांत फक्त टोकाचा तुकडा फायबरचा असतो आणि मधला पत्राच! म्हणून दुकानातच उघडा, आतून बघा. दांडा धरून हलकेच डावीउजवीकडे फिरवा. वरचा सांगाडा लटलट हलला तर ठेवून द्या, नाव कितीही मोठं असो. माझी हललीच असणार, मी बघितलंच नाही. नाव बघून पैसे दिले.

कापडाचं एवढंच, की उजेडाकडे धरा. शिवणीच्या रेषेत टिपक्याटिपक्यांनी उजेड दिसला, तर पाणी तिथूनच ठिबकणार. घट्ट विणीचं मऊ पॉलिस्टर झटकलं की बरंचसं पाणी निघून जातं. आतून चंदेरी थर असलेली नको, घडीवर तो थर सोलवटतो.

रेनकोटवाले येतीलच. बाईकवर रेनकोटच हवा, वादच नाही, फक्त शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना ते बघा. पण लोकलमध्ये निथळता रेनकोट घालून शेजारणीला भिजवू नका, प्लीज. आणि आत घामाने आपण भिजतो ते वेगळंच.

संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या छत्री दुरुस्तीवाल्या काकांना माझी छत्री दाखवली. हातात घेऊन म्हणाले, "ताई, ह्याची काडी मिळत नाही. लांब छत्रीची असती तर आत्ता बसवून दिली असती." तेव्हा परत आजोबा आठवले. पूल संपेपर्यंत ते माझ्या चालीने चालले, त्यांचा डावा खांदा पूर्ण भिजला होता, आणि मी त्यांना धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.