पट्टीवर खेळाडूला जागा उरू देऊ नका

खो-खोचा हंगाम संपला. सर्वोत्कृष्ट संरक्षक आणि सर्वोत्कृष्ट आक्रमक ही बक्षिसं ज्यांना जायची त्यांना गेली. उरली ती किशोरी गटातली 'सर्वाधिक प्रगती' करणाऱ्या मुलीची ट्रॉफी. तिच्यावरचा मजकूर आणि समारंभात वाचायचा चार ओळींचा मानपत्रवजा उतारा तुमच्या गळ्यात पडला आहे. घाबरू नका. मंडळाच्या मजकुरांची एक जुनी, सिद्ध पद्धत आहे. ती पाळलीत तर कोणीही नाराज होणार नाही. मुलगी होईल, पण ती तेरा वर्षांची आहे, तिला कोण विचारतो?

सुरुवात पट्टीपासून करा. मधल्या आकाराच्या ट्रॉफीच्या लाकडी बैठकीवर साधारण तीन इंच लांब आणि एक इंच उंच पट्टी बसते. एक इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर, कडेची मोकळी जागा सोडली तर वीसच. त्यात चार ओळी नीट बसतात: पुरस्कार, खेळाडूचं नाव, संस्था, आणि गट व वर्ष. नाव सगळ्यांत मोठं. पण असं केलंत तर अध्यक्ष काय म्हणतील, याचा विचार केलात का? तेव्हा सर्वांत वर 'श्री गजानन प्रसन्न'. खाली मंडळाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांकासह. एखाद्याला ट्रॉफी बघताबघता मंडळाची नोंदणी तपासावीशी वाटली तर? मग ज्यांच्या स्मरणार्थ ट्रॉफी आहे ते, मग 'वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ', मग प्रमुख पाहुण्यांचे शुभहस्त, मग सौजन्य. सातव्या ओळीत पुरस्काराचं नाव आणि आठवीत 'कु. ऋतुजा'. आडनाव मावलं तर मावलं.

आठ ओळी म्हणजे ओळीला अडीच मिलिमीटर. इंग्रजी अक्षरं एवढ्यात कशीबशी तग धरतात. आपल्या अक्षराला मात्र डोक्यावर वेलांटी लागते आणि पायाशी उकार. त्यामुळे ऋतुजाच्या 'तु'चा उकार कोरताना भरून जातो आणि पट्टीवर नुसता काळा ठिपका दिसतो. काही हरकत नाही. प्रमुख पाहुण्यांच्या नावाला अख्खी ओळ दिलीत ना? प्रमुख पाहुणे ऐनवेळी दुसरेच आले, तरी शुभहस्त तेच राहतात, कारण पट्टी आठवड्यापूर्वी कोरलेली असते.

मजकूर दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फोन खिशात ठेवा. पेठेतल्या दुकानात कोरीव कामाचा संगणक बहुधा जुन्या फाँटवर चालतो. तुमच्या मोबाईलमधलं युनिकोड त्यात जसंच्या तसं घेता येत नाही. मग एकतर तिथला मुलगा सगळं पुन्हा टाइप करतो, नाहीतर घाईत तसंच चिकटवतो. पहिल्या प्रकारात ऋतुजाची 'रुतुजा' होते. दुसऱ्या प्रकारात जोडाक्षरांचे पाय मोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. हे कोरण्याआधी ओळखायचा मार्ग सोपा आहे: पडद्यावरच्या अंतिम मांडणीचा फोटो मागवायचा आणि तो मुलीच्याच घरी पाठवून नाव तपासून घ्यायचं. सोपा आहे म्हणूनच तो टाळायचा. नाव तुम्हाला ऐकून माहीत आहेच की.

आता उतारा. निवेदकाला तो अर्ध्या मिनिटात वाचता यावा, म्हणजे पन्नास-साठ शब्द. त्यात 'जिद्द, चिकाटी, मेहनत आणि सातत्य' हे चौघे एकत्रच येतात, त्यांची ताटातूट करू नये. नमुना घ्या:

'सुरुवातीला अत्यंत कमकुवत खेळणाऱ्या, संघात निवड होईल की नाही अशी शंका असलेल्या कु. ऋतुजाने जिद्द, चिकाटी, मेहनत आणि सातत्याच्या जोरावर आपल्या खेळात आमूलाग्र बदल घडवला. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी मंडळातर्फे हार्दिक शुभेच्छा!'

बघा, काय साधलंय. पहिल्या ओळीत दोनशे माणसांसमोर, आजी-आजोबांसकट, पोरगी किती वाईट खेळायची ते जाहीर झालं. पुढे ती नेमकं काय करायला लागली याचा पत्ता नाही. आणि सर्वांत मोठा फायदा: नाव बदललं की हाच उतारा पुढच्या वर्षी कबड्डीलाही चालतो. मंडळं काटकसरीवर टिकतात.

काही आगाऊ प्रशिक्षक मात्र गुणपत्रकं उघडून बसतात. खो-खोत ही सोय वाईट आहे; कोणती संरक्षक किती वेळ टिकली, हे सेकंदात लिहिलेलं सापडतं. ते एका चांगल्या सामन्यावर भाळत नाहीत, सरावातले आकडे धरत नाहीत, आणि दुबळ्या संघाविरुद्धची वेळ बाजूला ठेवतात. मग असं काहीतरी लिहितात:

'शेवटच्या चार सामन्यांत ऋतुजा एकदाही दीड मिनिटाच्या आत बाद झाली नाही. जुलैमध्ये हीच वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास होती. तेव्हा पाठलाग सुरू झाला की ती थेट खांबाकडे पळायची. आता ती बसलेल्या खेळाडूंच्या मधून बाजू बदलते आणि आक्रमकाला खो द्यायला भाग पाडते. उपांत्य सामन्यात ती नाबाद असतानाच डाव संपला.'

अशा लिखाणापासून सावध राहा. यात आधीची उणीव आहे, पण ती मुलीच्या माथी मारलेली नाही, वेळेच्या आकड्यात सांगितली आहे. काय बदललं तेही कळतं: आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही, संरक्षकाला येते, आणि हा फायदा घ्यायला ती शिकली. एक प्रसंग आहे, जो तिच्या मैत्रिणींनी पाहिलेला आहे. कौतुकाचं एकही विशेषण नाही. हा उतारा दुसऱ्या कोणाला लावता येत नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा कष्ट. शिवाय गुणपत्रकं पाहिली की बक्षीस भलत्याच मुलीला जाण्याचा धोका असतो. अल्पोपाहाराचा खर्च ज्यांनी उचलला, त्यांच्या कन्येची वेळ जुलैतही चाळीस सेकंद होती आणि जानेवारीतही चाळीसच. हे लिहून मिळवायचं काय?

या खेळाचे नियम 1914 साली इथेच, डेक्कन जिमखान्यावर, लिहून काढले गेले, असं आपण दर समारंभात अभिमानाने सांगतो. खो कुठून द्यायचा, कुठे वळायचं, काय चुकलं की फाऊल, सगळं त्यात शब्दाशब्दाने बांधलेलं. तेवढा नेमकेपणा एका शहराला पुरे झाला.

इतकं करूनही समारंभाच्या आदल्या रात्री कोणाची तरी आई फोन करून 'रुतुजा' दाखवेलच. पट्टी दुहेरी टेपने चिकटवलेली असते, पातळ पातं घालून ती निघते, आणि नवी कोरून घ्यायला ट्रॉफीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. पण तुम्ही आईला शांतपणे सांगा की नाव बदलल्याची जाहिरात शासनाच्या राजपत्रात देता येते आणि अर्ज ऑनलाइन आहे. पट्टीसाठी पेठेत जावं लागतं, आणि तिथे पार्किंग मिळत नाही.