पहिल्या तीन सेकंदांत फटाका फोडायलाच हवा का?

हा सल्ला नेहमी ऐकू येतो: "छोटा ॲनिमेशन व्हिडिओ चालवायचा असेल तर पहिल्या तीन सेकंदांत स्फोट झालाच पाहिजे. माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिशपेक्षाही कमी. म्हणून मोठा आवाज, पटापट कट, स्क्रीनभर अक्षरं आणि 'शेवटपर्यंत बघा, धक्का बसेल!' गोष्ट काय, नंतर सांगता येते. हुक, म्हणजे प्रेक्षकाला थांबवणारी सुरुवात, वेगळा लिहा आणि कुठल्याही व्हिडिओला जोडा."

आधी माशाचा निकाल लावू. आठ सेकंदांचा आकडा जगभर फिरला तो 2015 साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका अहवालामुळे. अहवालाने तो एका आकडेवारीच्या वेबसाइटवरून उचलला होता. बीबीसीने 2017 मध्ये त्याचा माग काढायचा प्रयत्न केला, तेव्हा मुळाशी कुठलंच संशोधन सापडलं नाही. गोल्डफिशवर तर शास्त्रज्ञ कित्येक दशकं स्मरणशक्तीचेच प्रयोग करत आलेत, कारण शिकवलेली गोष्ट तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. बिचाऱ्याची उगाच बदनामी.

लोक पटकन सरकवतात हे मात्र खरंच आहे. पण तोच माणूस रात्री सलग तीन भाग मालिका बघतो. लक्ष द्यायची ताकद त्याच्यात असतेच. अंगठ्याखाली पुढचा व्हिडिओ फुकट तयार असताना हा का बघायचा, एवढंच त्याला ठरवायचं असतं. लेखकाने सोडवायचा प्रश्न तोच आहे, आणि तो गोंगाटाने सुटत नाही.

आता आवाज आणि कट. इथे ॲनिमेशनचं गणित चित्रित व्हिडिओपेक्षा वेगळं पडतं. कॅमेऱ्यासमोर माणूस उभा असला की त्याचा चेहरा, मागचं घर, हातातली वस्तू हे सगळं आपण क्षणात ओळखतो. काढलेल्या चित्रात डोळ्याला आधी ठरवावं लागतं की हे कोण, कुठे, आणि ही रेषा कुठल्या ढंगाची. त्याला थोडा वेळ लागतो. दर अर्ध्या सेकंदाला कट मारला तर प्रेक्षकाचं एक चित्र वाचून होण्याआधी दुसरं येतं, आणि तीन सेकंदांनंतर त्याच्या हाती फक्त रंगांची धावपळ उरते. ती बघून तो चक्रावेल, पण 'पुढे काय?' असं त्याला वाटणार नाही, कारण 'आत्ता काय?' हेच कळलेलं नसतं.

शिवाय प्रत्येक कट म्हणजे नवी पार्श्वभूमी आणि नवी पोझ. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तरी तीन सेकंदांची 36 चित्रं होतात. हाताने काम करणाऱ्या दोघा-तिघांच्या चमूचे काही दिवस त्यात जातात. हे दिवस एकाच चित्रातल्या एका नीट हालचालीवर घालवलेले बरे.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ पहिल्या फ्रेमवर देतो. फीडमध्ये आधीचा व्हिडिओ वर सरकत असतानाच तुमची पहिली फ्रेम खालून आत येते. म्हणजे आवाज कानावर पडण्याआधी प्रेक्षकाने चित्र पाहिलेलं असतं. ती फ्रेम काळी असेल, किंवा त्यावर लोगो हळूहळू उमटत असेल, तर पुढचा स्फोट ऐकायला कुणी थांबलेलं नसतं. चित्र मधोमध आणि थोडं वर ठेवा, कारण खाली शीर्षक येतं आणि उजव्या कडेला बटणं असतात. तिथे ठेवलेला पात्राचा हात किंवा मजकूर दिसतच नाही.

'धक्का बसेल' या वाक्याचं काय होतं ते एका उदाहरणावर बघू. विषय घ्या साधा: माठातलं पाणी गार का होतं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. बहुतेक पहिल्या मसुद्यांत सुरुवात अशी असते: "नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण बघणार आहोत की माठातलं पाणी गार का होतं." हे वाचायला पाच सेकंद जातात आणि तेवढा वेळ पडद्यावर पात्र हात जोडून उभं असतं. व्हायरल सल्ला मानला तर याच्या जागी माठ फुटतो, पाणी उडतं, लाल अक्षरं येतात, "तुमच्या माठाचं हे रहस्य ऐकून धक्का बसेल!" प्रेक्षक एक सेकंद थबकतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या मनात प्रश्न कोणता उभा राहिला? कुठलाच नाही. रहस्य आहे एवढं कळलं, कशाबद्दल ते कळलं नाही. उलट त्याला वाटलं की माठात काहीतरी धोका असावा. सातव्या सेकंदाला बाष्पीभवन सुरू झालं की तो निघून जातो, आणि त्याचं जाणं बरोबरच आहे.

जॉर्ज लोवेनस्टाइन या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने 1994 मध्ये कुतूहलाबद्दल एक मुद्दा मांडला, तो इथे थेट कामाला येतो. ज्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही त्याचं कुतूहल फारसं वाटत नाही. जे माहीत आहे असं वाटतं, त्यात अचानक खड्डा दिसला की मन अस्वस्थ होतं. म्हणून हुक लिहिताना आधी विचारायचं की प्रेक्षकाला पक्कं काय ठाऊक आहे. माठ पाणी गार करतो, हे महाराष्ट्रात पोरासोरांना ठाऊक आहे. मग त्यात खड्डा कुठे?

तो उत्तरातच सापडतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, पृष्ठभागावरून त्याची वाफ होते आणि ती होताना उष्णता ओढून घेते. वाफ किती भराभर होणार ते हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. मे महिन्यात नागपूरची दुपार कोरडी ठणठणीत असते, मुंबईची चिकट. तोच माठ नागपुरात छान चालतो आणि मुंबईत जेमतेम. हा आपला खड्डा. लक्षात घ्या, तो शेवट लिहिल्यावर हाती लागला. 'हुक वेगळा लिहा आणि जोडा' हे मला पटत नाही ते याचमुळे. कुठल्याही व्हिडिओला बसेल असा हुक कुठल्याच व्हिडिओतला प्रश्न विचारत नाही.

मग पहिली फ्रेम अशी: पडदा मधोमध विभागलेला, दोन्हीकडे अगदी सारखे माठ. डावीकडे 'नागपूर', उजवीकडे 'मुंबई'. एवढेच दोन शब्द. एक काका डावीकडे पेला तोंडाला लावतात आणि थंडीने दात वाजवतात. उजवीकडे तेच काका घोट घेतात, थांबतात आणि पेल्यात वाकून बघतात. आवाज: "माठ तोच, पाणी तेच. मग मुंबईत तेवढं गार का होत नाही?" मोठ्याने वाचलं तर तीन-साडेतीन सेकंद. यातला 'तेवढं' काढला तर वाक्य जास्त टोकदार होतं, आणि कुणीतरी तो काढायला सांगतंच. मी काढत नाही. मुंबईतही माठ थोडं गार करतोच, आणि पहिल्याच वाक्यात खोटं बोललं की कमेंटमध्ये गिरगावातल्या आजी हजर होतात.

लिहिताना कागदाचे दोन रकाने करा, डावीकडे 'दिसतं', उजवीकडे 'ऐकू येतं'. मग उजवा रकाना हाताने झाका. नुसत्या डाव्या रकान्यातून प्रश्न उभा राहिला पाहिजे, कारण बस-लोकलमध्ये आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात. आमच्या माठात काकांचं पेल्यात वाकून बघणं हाच प्रश्न आहे. त्या पोझवर बारा-पंधरा फ्रेम काहीच हलवायचं नाही, काकांची भुवईसुद्धा. सगळीकडे सतत हालचाल हवी या हट्टापायी नेमका हा ठहराव जातो आणि विनोदही जातो.

चित्रं रंगवण्याआधी ॲनिमॅटिक करा, म्हणजे कच्ची स्थिर चित्रं आणि फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. विषय माहीत नसलेल्या माणसाला ते दाखवा, तीन सेकंदांवर थांबवा आणि विचारा, "पुढे काय असेल?" "आवडलं का?" असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "मुंबईचं पाणी खराब असतं असं काहीतरी?" असं उत्तर आलं तर चित्र चुकलं आहे. मग काकांचं तोंड वाकडं होतंय का बघा, कारण किळस आणि अपेक्षाभंग हे दोन भाव एका रेषेच्या फरकाने बदलतात. या टप्प्यावर दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

'गोष्ट नंतर' या सल्ल्यातलं दुसरं दुखणं चौथ्या सेकंदानंतर कळतं. प्रश्न विचारल्यावर पुष्कळ जण तिथे लोगो टाकतात, किंवा उत्तर अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत दाबून ठेवतात. दोन्ही ठिकाणी लोक गळतात. माठाच्या व्हिडिओत दहाव्या-बाराव्या सेकंदापर्यंत अर्धं उत्तर देऊन टाका: माठाला 'घाम' फुटतो, थेंब वाफ होऊन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. नागपूरचा प्रश्न सुटला. आता मुंबईचे थेंब दाखवा, उडायला बघतात पण हवेत जागाच नाही, आधीच गर्दी. उरलेलं अर्धं उत्तर बघायला प्रेक्षक थांबतो, कारण पहिल्या अर्ध्याने त्याला फसवलेलं नसतं.

हे चाललं की नाही ते व्ह्यूजवरून ओळखू नका. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा वाजला तरी एक व्ह्यू मोजतं, किमान किती वेळ बघितला याची अट नाही. त्यामुळे स्फोटवाल्या व्हिडिओचे व्ह्यूज फुगलेले दिसू शकतात आणि 'बघा, चालतंय' असा दाखला दिला जातो. यूट्यूब स्टुडिओमध्ये दोन गोष्टी बघा: किती जण थांबले आणि किती जणांनी सरकवलं, आणि रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या सेकंदापर्यंत किती जण टिकले. पहिल्याच सेकंदात कडा कोसळत असेल तर पहिली फ्रेम बदला, वाक्याला हात लावू नका. पहिले तीन सेकंद ठीक आणि पाचव्या-सहाव्याला घसरण असेल, तर हुकने एक कबूल केलं आणि व्हिडिओ दुसरंच सांगू लागला. स्फोटाच्या हुकचा आलेख बहुधा असाच दिसतो. मधेच सपाट चाललेली रेघ एका जागी खचली असेल, तर तिथे उत्तर पूर्ण देऊन झालेलं असतं आणि पुढचं सगळं कापता येतं.

हे सगळं अनोळखी प्रेक्षकासाठी. काकांची मालिका झाली, लोक त्यांना ओळखू लागले, की पहिल्या फ्रेमला फार काही करावं लागत नाही. काका नवीन वस्तूकडे संशयाने बघताना दिसले तरी पुरतं, आणि प्रश्न दोन सेकंद उशिरा आला तरी लोक थांबतात.